‘वाय-फाय जपून वापरा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या परीक्षेआधी मी घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली होती: ‘परीक्षा जवळ आली आहे, सर्वांनी वाय-फाय जपून वापरावा.’ सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. त्याच रात्री साडेआठला तिची ऑनलाइन सराव परीक्षा अडखळायला लागली. उत्तर निवडलं की गोल फिरत राहायचं आणि घड्याळ मात्र पुढे पळायचं. ती रडकुंडीला आली होती. मी घरभर फिरून पाहिलं. टीव्ही बंद होता, कुणी सिनेमा बघत नव्हतं. माझं सांगणं सगळ्यांनी आपापल्या परीनं पाळलं होतं, तरीही नेट चालत नव्हतं.

कारण सापडलं चार्जिंगला लावलेल्या एका फोनमध्ये. सासरे दुपारी एका समारंभातून परतले होते आणि त्यांनी काढलेले व्हिडिओ बॅकअपसाठी वर चढत होते. फोनला चार्जर आणि वाय-फाय दोन्ही मिळालं की बरेचसे फोन हे काम आपणहून सुरू करतात. सासऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता आकडे बघा. आमच्या जोडणीला डाउनलोड ५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट होतं, पण अपलोड फक्त ५. घरातले बहुतेक लोक पहिलाच आकडा लक्षात ठेवतात. व्हिडिओ होते ३ जीबीचे, म्हणजे साधारण २४ हजार मेगाबिट. त्याला ५ नं भागलं तर ४,८०० सेकंद, म्हणजे एक तास वीस मिनिटं. एवढा वेळ वर जाण्याचा रस्ता पूर्ण भरलेला. मुलीचं उत्तर असतं जेमतेम काही केबींचं, पण त्यालाही त्याच रस्त्यानं जावं लागतं. राउटर आलेला माल लगेच टाकून देत नाही, आधी रांगेत ठेवतो. रांग लांबली की ते इवलंसं उत्तर व्हिडिओच्या ढिगाऱ्यामागे उभं राहतं. एवढंच नाही, खाली येणाऱ्या प्रत्येक पानाची ‘पोचलं’ अशी पावतीसुद्धा वरच जाते, म्हणून डाउनलोडही मंद वाटायला लागतं.

हे घरी तपासता येतं. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे लिहा. मॅकवर मधलं `-t` गाळा.

```
ping -t 8.8.8.8
```

ओळीमागून ओळ येत राहते आणि गूगलच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले तो आकडा प्रत्येकीत असतो. आमच्याकडे एरवी तो वीसच्या आसपास असायचा. त्या रात्री सहाशेवर गेला होता. सासऱ्यांच्या फोनचं वाय-फाय बंद केलं आणि काही सेकंदांत तो परत विसावर आला. माझी खात्री पटली ती तिथे. एक जोड चाचणी मात्र जरूर करा: त्याच कमांडमध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता घाला, बऱ्याच घरी तो `192.168.1.1` असतो. तोही आकडा मोठा आला तर दुखणं लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधल्या हवेत आहे. मग भिंती, अंतर यांचा विचार करा, किंवा लॅपटॉपला सरळ केबल जोडा.

दुसऱ्या दिवशी मी मेसेज नव्यानं लिहिला. तो जसाच्या तसा वाचून दाखवतो.

‘आई, बाबा, काका, काकू, दादा: उद्यापासून शेवटच्या पेपरपर्यंत रोज संध्याकाळी ७ ते १० शांततेची वेळ. या वेळात मुलीचा लॅपटॉप आणि टॅब राउटरवर सगळ्यांच्या पुढे राहतील. फोटो-व्हिडिओंचा बॅकअप आणि फोनचे अपडेट रात्री ११ नंतर. ते सेटिंग मी आज प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतः करून देतो. टीव्ही बघायला हरकत नाही, फक्त चित्र ७२० वर आणि आवाज हेडफोनवर. कुणाचाही फोन बंद पडणार नाही. ऑफिसची मीटिंग असेल तर संध्याकाळी ६ पर्यंत मला सांगा. ७ ते १० मध्ये अडचण आली तर ग्रुपवर लिहू नका, मला हाक मारा.’

यातल्या दोन गोष्टींवर मला थोडं थांबायचं आहे. ‘मी करून देतो’ हे वाक्य मेसेजमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. बॅकअपचं सेटिंग कुठे असतं हे काकूंनी का शोधायचं? दुसरी गोष्ट, ‘कुणाचाही फोन बंद पडणार नाही’. पहिल्यांदा मी शांततेच्या वेळात मोठ्यांचे फोन राउटरवरूनच बंद करणार होतो. मग लक्षात आलं की ज्या खोलीत मोबाइलची रेंज नाही तिथे आईचे कॉल वाय-फायवरूनच येतात. रात्री तिला बरं वाटेनासं झालं आणि तिला कॉलच लावता आला नाही तर? म्हणून फोन बंद करायचा नाही, फक्त मागे ठेवायचा. ग्रुपवर लिहू नका म्हटलं त्याचं कारण सोपं आहे: मुलगीही त्याच ग्रुपवर आहे आणि प्रत्येक तक्रार तिच्या टेबलावर वाजते.

आता राउटर. त्याच्या सेटिंगमध्ये क्यूओएस किंवा डिव्हाइस प्रायॉरिटी असं काहीतरी असतं. तिथे अभ्यासाची दोन उपकरणं वरच्या क्रमांकावर ठेवायची. काही राउटर जोडणीचा वेग विचारतात. तिथे कागदावरचा नाही, मोजलेला वेग घाला, आणि तोही थोडा कमी. माझा अपलोड ५ मोजला गेला, मी ४.५ लिहिला. रांग कंपनीच्या यंत्रात लागली तर आपला राउटर तिचा क्रम बदलू शकत नाही. जरा कमी वेग सांगितला की रांग आपल्याच राउटरमध्ये लागते आणि क्रम आपल्या हातात राहतो.

चार दिवस सगळं छान चाललं आणि पाचव्या दिवशी टॅब पुन्हा अडखळला. राउटरच्या यादीत एक नवंच अनोळखी उपकरण दिसत होतं. राउटर उपकरण ओळखतो ते त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरण सांगतं त्या ओळख क्रमांकावरून. हल्लीचे फोन आणि टॅब गोपनीयतेसाठी खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात, आणि मुलीनं आदल्या रात्री टॅबमधलं नेटवर्क ‘विसरून’ परत जोडलं होतं. पत्ता बदलला आणि प्राधान्य जुन्या पत्त्यालाच चिकटून राहिलं. फक्त घरच्या नेटवर्कपुरतं टॅबमधलं ते सेटिंग बंद केलं आणि नियम नव्यानं लावला. कुणी नियम मोडला असं समजून रागावण्याआधी ही यादी बघा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मी त्या दिवशी दादावर उगाच चिडलो होतो.

वेळेचा नियम राउटरवर लावत असाल तर त्याचं घड्याळही तपासा. टाइम झोन चुकला असेल तर ७ ते १० ची शांतता भलत्याच तासांना सुरू होते. आणि बाहेरून येणारी लाइनच तुटत असेल तर या सगळ्याचा काही उपयोग नाही. तेव्हा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडायचा. पेपरच्या आधी एकदा तो जोडून पाहिलेला असावा, म्हणजे पासवर्ड शोधण्यात दहा मिनिटं जात नाहीत.

शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी मी राउटरवरचे सगळे नियम काढले आणि ग्रुपवर तसं लिहिलं. सासऱ्यांचे उरलेले व्हिडिओ त्याच रात्री वर गेले.