शेवटची जुडी

मंडळी, भाजीचा भाव कोण ठरवतं, असं विचारलं की आपल्या सोलापुरात दोनच उत्तरं मिळतात. गिऱ्हाईक म्हणतं, व्यापारी. शेतकरी म्हणतो, दलाल. मी आज फक्त कोथिंबिरीबद्दल बोलणार आहे, कारण ती साठवता येत नाही आणि त्यामुळे तिच्यात भावाचा खेळ उघडा दिसतो.

हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात सौद्याला सुरुवात होते, तेव्हा एक गोष्ट आधीच पक्की झालेली असते. आज किती माल आला, ते. कापलेली जुडी परत रानात लावता येत नाही आणि उद्यापर्यंत ती पिवळी पडते. म्हणजे त्या दिवसापुरता पुरवठा गोठलेला असतो. हलतो तो फक्त भाव.

आता समजुतीसाठी मी काही आकडे धरतो. हॉटेलवाले आणि आचारी यांना 2,000 जुड्या हव्यातच, जुडीला 15 रुपये पडले तरी. मंडईतले विक्रेते आणखी 5,000 घेतील, पण 10 रुपयांपर्यंतच. गल्लोगल्ली फिरणारे हातगाडीवाले 3,000 घेतील, तेही 6 रुपयांच्या आत. आवक 10,000 असली, तर शेवटची जुडी हातगाडीवाल्याच्या पदरात पडायला हवी, म्हणून भाव 6 च्या आसपास येतो. मग हॉटेलवाला 15 का देत नाही? कारण शेजारच्या ढिगाचा सौदा किती रुपयांना तुटला, हे त्याला ऐकू येतं. एकेका ढिगात, मालाच्या प्रतीप्रमाणे, रुपया-दोन रुपयांचा फरक पडतो. पण सगळ्या बाजाराला खाली ओढते ती शेवटची, गिऱ्हाईक शोधणारी जुडी.

दुसऱ्या दिवशी 12,000 आल्या. वरच्या 2,000 कुणाला नकोच आहेत; 2 रुपयांना मिळाल्या तरच कोणी उचलेल. भाव 2 वर येतो, आणि तो सगळ्यांचाच येतो. काल शेतकऱ्यांच्या हाती मिळून 60,000 रुपये गेले होते, आज जास्त माल विकून 24,000. पावसानं निम्मी रानं चिखलात गेली आणि 7,000 च आल्या, तर भाव 10 आणि रक्कम 70,000. ज्याचं रान बुडालं त्याला यातला रुपयाही मिळत नाही, हे मात्र विसरू नका.

बियाणं, खत, पाणी यांचा खर्च इथे कुठेच आला नाही. तो होऊन गेलेला आहे. त्यावर आजचा भाव ठरत नाही. आज शेतकरी एवढंच बघतो, की कापणी, जुड्या बांधायची मजुरी, टेम्पोचं भाडं, हमाली एवढं तरी पट्टीत निघेल का. तेही निघत नसेल तर तो उभ्या पिकात जनावरं सोडतो. लोक त्याला राग म्हणतात. मला तो हिशोबच वाटतो, आणि फार दुःखाचा हिशोब.

मग यार्डात 2 रुपये आणि लक्ष्मी मंडईत 9 कसे? समजा एक बाई 100 जुड्या घेते. रिक्षाचे 100, तिची दिवसाची मजुरी 400, आणि 20 जुड्या सुकून जातात. खरेदी 6 नं असेल तर एकूण 1,100 रुपये 80 जुड्यांतून काढायचे, म्हणजे जुडी जवळपास 14 ला. खरेदी 2 नं झाली तर 700 रुपये, म्हणजे 9 ला. यार्डातला भाव तिसऱ्या हिश्शावर आला, तरी रिक्षा आणि मजुरी जागची हलली नाही. एप्रिलच्या उन्हात 20 च्या जागी 40 जुड्या सुकल्या, की तिचा भाव आणखी चढतो.

आता एक गल्लत. महाग झाली की लोक कमी घेतात, हे खरं. पण लोक जास्त मागायला लागले म्हणून महाग झाली, हेही खरं. ही दोन्ही वाक्यं वेगळ्या गोष्टी सांगतात. ओळखायचं कसं? भावाबरोबर आवक बघा. भाव चढला आणि आवक घटलेली असेल, तर माल कमी पडला. आवक वाढूनही भाव चढला, तर मागणीच वाढली.

भोगीच्या आदल्या दिवशी यार्डात हेच दिसतं. ओला हरभरा, पावटा, घेवडा, गाजर, वांगी सगळं भरभरून येतं, तरी भाव पडत नाही, कारण दुसऱ्या दिवशी घरोघरी बाजरीच्या भाकरीबरोबर तीच मिसळीची भाजी शिजणार असते. शेतकऱ्यांना ती तारीख ठाऊक असते, म्हणून तर माल जास्त येतो. पण पावट्याला तारीख कळत नाही. ज्याच्या शेंगा थंडीनं दोन दिवस उशिरा भरल्या, तो तोच माल घेऊन संक्रांतीला यार्डात उभा राहतो, आणि घेणाऱ्यांच्या घरी कालची भाजी अजून उरलेली असते.