खातं लॉक झाल्यावर घाई कुठे नडते

मंडळी, आज एकाच प्रसंगाबद्दल बोलणार आहे. जीमेलचा पासवर्ड चार-सहा वेळा चुकतो आणि स्क्रीनवर मजकूर येतो की चुकीचे प्रयत्न फार झाले, काही तासांनी पुन्हा बघा. तेवढ्यात ‘संशयास्पद हालचाल’ अशी सूचनाही येते. इथून पुढे माणूस काय करतो, त्यावर सगळं ठरतं.

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखानदार डोळ्यांसमोर आणा. ऑर्डरी, बिलं, बँकेचे तपशील, सगळं त्याच्या एकाच मेलवर. नवा फोन घेतला, पासवर्ड आठवेना, म्हणून रात्री बसून एकेक आठवेल तो टाकला. खातं अडकल्यावर पुण्यातल्या मुलाला फोन केला, “तू बघ रे जरा.” मुलानं त्याच्या लॅपटॉपवरून प्रयत्न केले. थोड्या वेळानं मालकांच्या दुसऱ्या ईमेलवर सूचना आली की अनोळखी उपकरणावरून कुणीतरी खात्यात शिरायला बघतंय. मालक हादरले. तो ‘कुणीतरी’ त्यांचा मुलगाच होता.

यात गूगलची बाजू समजून घ्या. पलीकडे बसलेला मालक आहे की चोर, हे त्या यंत्रणेला दिसत नाही. तिला दिसतं ते एवढंच, की प्रयत्न कुठल्या उपकरणावरून, कुठल्या ब्राउझरवरून आणि कुठल्या जागेवरून होतोय. नवा फोन, पुण्यातला लॅपटॉप, मग नाक्यावरचा सायबर कॅफे, अशी जागा बदलत गेलात तर तुम्ही तिला जास्त जास्त परके वाटता. मदतीला जितके हात जास्त, तितकं काम अवघड.

म्हणून त्या रात्री थांबायचं. मुलालाही थांबवायचं. सकाळी कारखान्याच्या ऑफिसात जायचं आणि ज्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं मेल बघितला, त्याच क्रोममधून, त्याच इंटरनेटवरून g.co/recover हा पत्ता स्वतःच्या हातानं टाइप करायचा. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला जातो. आत्ताचा आठवत नसेल तर त्याआधीचा टाका, तोही उपयोगी पडतो. प्रश्न सोडून पुढे जाऊ नका, अंदाजे का होईना उत्तर द्या. मग नोंदवलेल्या मोबाइलवर कोड येतो. कधी कधी लगेच निकाल लागत नाही, पडताळणीला काही तास किंवा काही दिवस लागतील असं सांगतात. तेव्हा वाट बघायची.

सगळ्यात मोठा धोका या वाट बघण्याच्या काळातच असतो. अस्वस्थ माणूस ‘कस्टमर केअर नंबर’ म्हणून सर्च करतो आणि मिळेल त्या नंबरवर फोन लावतो. समोरचा गोड बोलतो, स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला सांगतो, नाहीतर आलेला कोड वाचून दाखवायला सांगतो. कोड सांगितला की खातं गेलंच म्हणून समजा. गूगलचा माणूस फोनवर कोड मागत नाही. सूचनेच्या मेलमधलं बटणही दाबू नका, कारण खोटी सूचना हुबेहूब खऱ्यासारखी बनवता येते. आत शिरता आलं की myaccount.google.com/notifications वर जाऊन बघा. खरी सुरक्षा सूचना तिथेही दिसते. तिथे नसेल तर त्या मेलवर विश्वास ठेवू नका.

आता आत शिरलात, पासवर्ड बदललात. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि धंदेवाल्या माणसाला हेच महागात पडतं. आधीच कुणी आत येऊन गेला असेल, तर तो पासवर्डच्या भरवशावर राहत नाही. तो जीमेलच्या सेटिंगमध्ये गुपचूप एक नियम लावून ठेवतो: ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल माझ्याकडे पाठव आणि इथून काढून टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. महिन्याभरानं गिऱ्हाइकाला तुमच्या नावानं मेल जातो की आमचा बँक खाते क्रमांक बदललाय. तेव्हा कॉम्प्युटरवर जीमेल उघडा आणि सेटिंगमधल्या Filters and Blocked Addresses आणि Forwarding and POP/IMAP या दोन्ही पानांवरची ओळ न् ओळ वाचा. तुम्ही न लावलेलं जे दिसेल ते काढा. मग गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातल्या Your devices मध्ये अनोळखी फोन दिसला तर त्याला साइन आउट करा.

रिकव्हरीचा मोबाइल नंबरही तपासा. चोरानं तो बदलला असेल तरी बदलानंतर 7 दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड मागवायची सोय मिळू शकते, म्हणून या कामात चालढकल नको. आणि पैसे गेले असतील तर मेलच्या मागे लागण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

शेवटचं काम दुचरण पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी 2-Step Verification, चालू करण्याचं. तिथेच बॅकअप कोड मिळतात, एका वेळी 10, प्रत्येक 8 आकड्यांचा, एकदाच चालणारा. ते छापून ऑफिसच्या तिजोरीत ठेवा, फोनमध्ये फोटो काढून नको. नवा फोन घेतला, सिम बंद पडलं, तरी त्यातला एक कोड टाकून आत जाता येतं. कागद हरवला तर त्याच पानावरून नवे 10 काढा, जुने आपोआप रद्द होतात.