बेळगावात जेवून निघालो

नमस्कार श्रोतेहो. गोव्यात तिस्क-उसगावच्या बाजूला, फोंड्याहून मोलेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर माझी फार्मसी आहे. दिवसभर दारावरून ट्रक जात असतात. त्यातलेच काही थांबतात, चालक केबिनमधून उतरतो आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, "भाई, पित्ताची ती गुलाबी बाटली दे." आज मी अशाच एका चालकाची गोष्ट सांगणार आहे. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बाबलो म्हणूया.

बाबलो आमच्याच भागातला. तरुणपणी खाणीवर टिप्पर चालवायचा. त्या कामात धूळ होती, घाई होती, पण जेवणाची वेळ ठरलेली होती. सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला मिठातली तोर, दुपारी घरी येऊन हुमण-भात, रात्री आठला पुन्हा घरचं ताट. २०१२ साली खाणी बंद पडल्या, नंतर थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. आमच्याकडच्या कितीतरी घरांचे टिप्पर दारात गंजत उभे राहिले. बाबलो दुसऱ्याच्या लांब पल्ल्याच्या गाडीवर चढला. वेर्ण्याहून माल भरायचा, अनमोड घाट चढून बेळगाव, कोल्हापूर, पुणे करत भिवंडीला टाकायचा आणि परतीचं भाडं मिळेल ते घेऊन यायचं.

वर्षभरात तो माझ्याकडून आठवड्याला एक बाटली नेऊ लागला. मग दोन. एका आठवड्यात तिसरी मागितली, तेव्हा कुठे मी त्याला बसवून घेतलं. हे मला आधीच करायला हवं होतं. पहिल्या दोन बाटल्या मी काहीही न विचारता दिल्या होत्या, ही माझी चूक आहे आणि ती मला अजून बोचते.

"होतं काय नेमकं?" मी विचारलं.

"रात्री तीन-साडेतीनला जाग येते भाई. छातीच्या मधोमध आग. आंबट पाणी घशापर्यंत येतं. मग उठून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसतो. हे ढाब्यावरचं तिखट, दुसरं काय!"

आणखी विचारल्यावर कळलं, कंबर दुखते म्हणून तो वेदनाशामक गोळ्याही घेत होता, कधी कधी उपाशीपोटी. शिवाय कुणीतरी सांगितलेली पित्ताची गोळी रात्री जेवल्यावर घ्यायचा. मी त्या दिवशी बाटली दिली नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. वय पंचेचाळीस, छातीत जळजळ, तंबाखूची सवय. अशा माणसाला नुसतं पित्त म्हणून सोडून चालत नाही. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होतो का, घास अडकतो का, वजन उतरलं का, हे विचारलं. यातलं काहीच नव्हतं. कंबरेची गोळी बंद केली, कारण अशा गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराला इजा करतात. पित्ताची गोळी रात्रीऐवजी सकाळी, काही खाण्याच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे घ्यायला सांगितली. ही गोळी जठरात आम्ल तयार होणंच कमी करते, म्हणून ती जेवणाच्या आधी पोटात जावी लागते. बाटलीतलं औषध तयार झालेलं आम्ल तेवढ्यापुरतं शमवतं. तासाभराचा तो दिलासा. बाबलो दोन्हींना एकच समजत होता.

गोळीने फरक पडला, पण रात्रीची जाग पुरती गेली नाही. तेव्हा मी त्याला सांगितलं, "तुझ्या खेपांच्या वहीच्या समासात तीनच वेळा लिही. जेवलो कधी, आडवा झालो कधी, जळजळलं कधी." तो नाखुशीनेच तयार झाला. त्याला वाटत होतं, मी काय खाल्लं ते लिहायला सांगेन.

चार खेपांनंतर वही घेऊन आला. तीन खेपा अगदी सारख्या. सकाळी नऊला वेर्ण्याच्या आवारात गाडी लावायची, रांगेत नंबर येईपर्यंत चहा, पुन्हा चहा, तंबाखू. माल भरून दुपारी तीनला निघायचं. मोलेला चहा, लोंढ्याला चहा. रात्री अकरा-साडेअकराला कोल्हापूरच्या अलीकडे ढाब्यावर गाडी लागली की भुकेने हात थरथरत असायचे. मग रस्सा, तीन रोट्या, वर भात. साडेबाराला केबिनमधल्या फळीवर आडवा. साडेतीनला आग.

चौथी खेप वेगळी होती. पाऊस मी म्हणत होता, घाटात दरड आली आणि मोलेजवळ गाड्यांची रांग लागली. पुढे कधी जाणार कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याने सातलाच घरचा डबा उघडला. डब्यात वहिनींनी केलेलं हुमण होतं, चांगलं झणझणीत. नऊला रस्ता मोकळा झाला. तो थेट बेळगावच्या पुढे गेला आणि दोनला झोपला. शेवटच्या रकान्यात त्याने फक्त रेघ मारली होती. जळजळलंच नव्हतं.

"तिखट तर त्या दिवशी जास्त होतं," मी म्हटलं.

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. "मग जेवून लगेच पडतो म्हणून होतं?"

एका रात्रीवरून सगळं ठरवू नये हे खरं. काही लोकांना तिखट, तळलेलं बाधतंच. पण बाबलोच्या बाबतीत अंदाज बरोबर होता. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. दिवसभर रिकाम्या पोटाला एकदम ताटभर तेलकट जेवण मिळालं की जठर ताणतं आणि कडं सैल पडू लागतं. तंबाखूनेही ते सैल पडतं. माणूस बसलेला किंवा उभा असेल तर आम्ल निदान खाली राहतं. आडवा झाला की ते सरळ कड्यापाशी येतं. त्यात झोपेत आपण लाळ फारशी गिळत नाही, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुतलं जात नाही, तिथेच जाळत राहतं. जठर बऱ्यापैकी रिकामं व्हायला तीन तास तरी द्यावे लागतात, तेलकट असेल तर जास्तच.

आता श्रोतेहो, घरात राहणाऱ्या माणसाला आठला जेव आणि अकराला झोप म्हणणं सोपं आहे. चालकाला घड्याळ पाळता येत नाही. माल उशिरा भरतो, घाट अडतो, पात्रांव, म्हणजे गाडीचा मालक, फोनवर ओरडतो. म्हणून बाबलोने वेळा घड्याळावर न ठेवता रस्त्यावर ठेवल्या. ही युक्ती त्याचीच, माझी नव्हे.

वेर्ण्याच्या रांगेत पेज. वहिनी पहाटे पेज करून रुंद तोंडाच्या थर्मासात भरून देतात. खाणीवरच्या दिवसांत दहाला जी खायचा तीच, फक्त आता आवारात उभ्या ट्रकच्या सावलीत. माल भरून झाला की निघण्याआधी चपाती-भाजी, भले दोनच चपात्या. घाट चढून झाल्यावर चहाच्या जागी केळं आणि मूठभर चणे. चहा त्याने सोडला नाही, पण उपाशीपोटीचा सोडला.

आणि मुख्य जेवण मुक्कामावर करायचं नाही, बेळगावात करायचं. आधी तो गाडी चालवायचा, जेवायचा, झोपायचा. आता जेवतो, गाडी चालवतो आणि मग झोपतो. बेळगाव सोडल्यापासून कोल्हापूरपर्यंतचे जे तीन तास तो पूर्वी भुकेने काढायचा, त्याच तीन तासांत आता जेवण पचतं. मला यात एक काळजी होती, ती मी त्याला बोलून दाखवली. भरपेट जेवून स्टिअरिंगवर बसलं की डुलकी लागते, आणि ती जळजळीपेक्षा फार वाईट. म्हणून बेळगावात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, आमटी, थोडा भात, तेवढंच. मग गाडीभोवती फिरत टायर तपासायचे, दोऱ्या ओढून बघायच्या, वीस मिनिटं. तरीही डोळे जड झाले तर गाडी बाजूला लावून सीट मागे रेलून बसल्या बसल्याच झोपायचं, फळीवर नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातसुद्धा पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. ही सूट मागून घेण्याची गोष्ट नाही, चालकाचा तो हक्कच आहे. पात्रांवाला हे एकदा सांगावं लागलं, ते त्याने सांगितलं.

झोपायच्या फळीचंही त्याने केलं. आधी दोन उशा घेऊन पाहिल्या, तर मान तेवढी वाकली आणि पोट दाबलं जाऊन त्रास वाढला. उतार कमरेपासून हवा. मग गादीखाली, कमरेपासून डोक्यापर्यंत, ताडपत्रीच्या घड्या रचल्या, डोक्याकडे वीतभर उंच. आणि डाव्या कुशीवर झोपू लागला. त्या कुशीवर जठर कड्याच्या खाली राहतं.

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. एकदा साताऱ्याच्या पुढे टायर फुटला, जेवायला बारा वाजले, त्याने जुन्या सवयीने रस्साभात चापला आणि रात्रभर बसून काढली. त्यानंतर नियम केला, उशीर झाला तर केळं, थोडा दहीभात, आणि तासभर सीटवर बसून राहायचं. कुणीतरी सोलकढी प्यायला सांगितली. अनेकांना ती मानवते, याला मात्र मिरची-लसूण घातलेली रात्रीची सोलकढी सोसली नाही. तंबाखू कमी झाली आहे, सुटलेली नाही. मी दर खेपेला विचारतो, तो मान खाली घालतो. आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी गोळी हळूहळू बंद केली. एकदम सोडली तर काही दिवस आम्ल उसळून येतं, हे त्याला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तो घाबरला नाही. महिन्यातून एखादी वाईट रात्र अजून येते.

एक गोष्ट मात्र मी माझ्याकडे थांबणाऱ्या प्रत्येक चालकाला सांगतो आणि तुम्हालाही सांगतो. छातीतलं दुखणं सामान उचलताना, चढ चढताना वाढलं, हातात किंवा जबड्यात उतरलं, घाम सुटला, तर त्याला पित्त समजून बाटली तोंडाला लावू नका. गाडी उभी करा आणि १०८ ला फोन करा. रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तरी तसंच.

बाबलो आता बाटलीसाठी थांबत नाही. पण वेर्ण्याहून भरून निघालेली गाडी दुपारी माझ्या दारावरून जाते, तेव्हा हॉर्न एकदा वाजतो. आणि रात्री आठ-सव्वाआठला, दुकान आवरायच्या वेळी, बऱ्याचदा फोन येतो.

"भाई, बेळगावात जेवलो. दोऱ्या बघून झाल्या. निघतो आता."