म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय खचतात तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या घरी आठ-नऊ वर्षांच्या पुढचा कुत्रा असेल, त्यातही अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड असेल, तर उद्या फिरायला न्याल तेव्हा त्याच्या मागच्या पायांचा आवाज नीट ऐका. डांबरी रस्त्यावर पाऊल पुढे टाकताना नख खरडतंय का? घरी आल्यावर पंजा हातात घेऊन बघा. मागच्या पायाच्या मधल्या दोन बोटांची नखं वरच्या बाजूने झिजलेली दिसतात का? बहुतेक घरांत हे लक्षात येतं तेव्हा "वय झालं आता त्याचं" असं म्हणून विषय संपतो. पशुवैद्यक म्हणून मला आज सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे. वय हा आजार नाही, आणि मागचे पाय खचण्याची जी अनेक कारणं आहेत त्यांतली काही बरी होतात.

बरं न होणारं एक कारण म्हणजे डिजनरेटिव्ह मायलोपॅथी. बोलताना आम्ही त्याला डीएम म्हणतो. १९७३ साली अमेरिकेत जर्मन शेफर्ड कुत्र्यांमध्ये याचं वर्णन झालं. नंतर बॉक्सर, कॉर्गी अशा इतर जातींतही तो सापडला. यात पाठीच्या मधल्या भागातल्या मज्जारज्जूचे तंतू हळूहळू झिजतात. तारेवरचं प्लास्टिक निघून जावं तसं या तंतूंवरचं आवरण जातं आणि तंतूही तुटतात. पाय कुठे ठेवलाय ही खबर मेंदूपर्यंत पोचत नाही आणि मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. म्हणून कुत्रा मागून झोकांड्या खातो, वळताना पायात पाय अडकतो, पंजा उलटा पडतो आणि त्याला ते कळतही नाही. मात्र त्याला दुखत नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

साताऱ्याकडचे एक निवृत्त गृहस्थ त्यांचा दहा वर्षांचा अल्सेशियन घेऊन आले होते. त्याला आपण राजा म्हणू. जिना चढताना राजा मागून घसरायचा. त्याचा एक्स-रे आधीच काढलेला होता आणि त्यात खुब्याचा सांधा झिजलेला स्पष्ट दिसत होता. त्यावर वेदनाशामक गोळ्या सुरू होत्या, पण फरक शून्य. "डॉक्टर, खुब्याचंच आहे ना? फोटोत दिसतंय की," असं ते म्हणाले. फोटोत दिसत होतं हे खरं. पण या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या एक्स-रेमध्ये खुबा झिजलेला किंवा मणक्यांना हाड वाढलेलं पुष्कळदा दिसतंच. ते दिसलं म्हणून चाल त्यामुळेच बिघडलीय असं होत नाही.

मी राजाला आधी मोकळं चालवून पाहिलं. खुबा दुखणारा कुत्रा उठताना आखडतो, मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकतो, थोडं चालल्यावर मोकळा होतो. पण पाऊल तो बरोबर जागी ठेवतो. राजाचं तसं नव्हतं. त्याचं पाऊल कधी लांब पडे, कधी आतल्या बाजूला, आणि डावा पाय जास्त ओढला जाई. मग त्याला उभं करून, पोटाखाली हाताचा आधार देऊन, मागचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला. निरोगी कुत्रा पापणी लवायच्या आत तो सरळ करतो. राजा तसाच उभा राहिला. उजवा पंजा उशिरा सरळ झाला, डावा झालाच नाही. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यात असं होत नाही. दोष नसांच्या वाटेत आहे हे तिथेच कळलं.

पण नसांच्या वाटेत म्हणजे लगेच डीएम नव्हे. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यात मणक्यांमधली चकती हळूहळू फुगून मज्जारज्जूवर दाबत जाते, आणि अशा कुत्र्याची चाल अगदी डीएमसारखीच दिसते. कमरेच्या शेवटच्या मणक्याशी नसा चेपल्या गेल्या तर शेपटी वर उचलली की कुत्रा कळवळतो, गाडीत उडी मारायला नको म्हणतो. मणक्यात जंतुसंसर्ग झाला तर पाठीवर दाबल्यावर दुखतं, कधी तापही असतो. गाठ असू शकते. दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध तुटलेले असले तरी मालकाला ते "कंबर गेली" असंच वाटतं. शिवाय आपल्याकडे गोचीड तापाचा विचार करावाच लागतो, थायरॉईडही तपासावं लागतं. आणि सगळं एकदम, एका रात्रीत झालं असेल तर तो डीएम नाहीच. डीएम महिन्यांच्या हिशेबाने सरकतो.

राजाच्या पाठीवर मणका न् मणका दाबून पाहिला, शेपटी उचलली, खुबा मागे ताणला. खुबा ताणल्यावर तो थोडा कुरकुरला, बाकी कुठेही दुखलं नाही. रक्ततपासणीत काही निघालं नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून जनुक चाचणीला पाठवली. २००९ मध्ये डीएमशी जोडलेला एसओडी-१ या जनुकातला बदल सापडला. माणसांमध्ये एएलएस नावाचा, नसा झिजून स्नायू निकामी करणारा आजार होतो, त्याच्या काही रुग्णांतही याच जनुकात दोष असतो. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रती सदोष आल्या तर कुत्र्याला धोका असतो. राजाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या.

इथे पुष्कळ जण थांबतात, आणि थांबू नये असं माझं ठाम मत आहे. दोन सदोष प्रती असलेले कितीतरी कुत्रे आयुष्यभर धडधाकट राहतात. तशाच एखाद्या कुत्र्याची चकती सरकली, तर चाचणीचा कागद बघून आपण त्याला डीएम ठरवणार आणि ऑपरेशनने सुधारू शकणारा कुत्रा हातचा घालवणार. चाचणी धोका सांगते, निदान करत नाही. जिवंतपणी डीएमचं शंभर टक्के निदान करणारी कुठलीच तपासणी नाही. ते मृत्यूनंतर मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. म्हणून बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढणं हाच मार्ग, आणि त्यात सर्वांत उपयोगी एमआरआय. राजाचा एमआरआय झाला. दोन ठिकाणी चकत्या जराशा फुगलेल्या होत्या, पण मज्जारज्जू कुठेच चेपलेला नव्हता. पाठीतलं पाणीही स्वच्छ होतं. तेव्हा कुठे आम्ही डीएम हा शब्द उच्चारला.

कुत्र्यांचा एमआरआय मोठ्या शहरांतच होतो, त्यासाठी भूल द्यावी लागते आणि खर्च बराच येतो. प्रत्येकाला ते जमणार नाही, हे मी जाणतो. मग काय करायचं? शारीरिक तपासणी नीट करून घ्यायची, साधे एक्स-रे आणि रक्त तपासायचं, आणि दर काही आठवड्यांनी चालीचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, त्याच रस्त्यावर, मागून आणि बाजूने. पाठीत कुठेही दुखत असेल, आजार अचानक वाढला असेल किंवा डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉईडने चाल ठळक सुधारली असेल, तर डीएमवर शिक्का मारू नका. डीएम स्टेरॉईडला दाद देत नाही. सुधारणा झाली म्हणजे दुसरं काहीतरी आहे, आणि ते शोधायला हवं. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र घरातून मुळीच देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

डीएम थांबवणारं औषध आज नाही. पण चालतं ठेवणं हातात आहे. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी २००६ साली डीएमचा संशय असलेल्या २२ कुत्र्यांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांना रोज भरपूर व्यायाम मिळाला ते सरासरी २५५ दिवस जगले, मध्यम व्यायामवाले १३०, आणि व्यायाम न मिळालेले ५५ दिवस. कुत्रे थोडे होते आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे हे आकडे ब्रह्मवाक्य समजू नका. तरी दिशा स्पष्ट आहे.

राजासाठी आम्ही असं ठरवलं. सकाळची एक लांब फेरी बंद, त्याऐवजी दिवसातून पाच वेळा पाच-दहा मिनिटं चालायचं. तेही अगदी हळू, कारण कुत्रा धावला की वेगावर वेळ मारून नेतो आणि मागचे पाय नुसते फरफटतात. हळू चालवलं की प्रत्येक पाऊल टाकावंच लागतं. शक्यतो गवतावर किंवा मातीवर चालवायचं. खाऊ दाखवून बस, ऊठ, बस, ऊठ, थकण्याआधी थांबायचं. उभं असताना कमरेला अलगद इकडून तिकडे ढकलायचं, म्हणजे तो तोल सावरतो. दिवसातून तीन वेळा आडवा झाल्यावर प्रत्येक सांधा दहा-दहा वेळा हलक्या हाताने वाकवून सरळ करायचा. पोहण्याची सोय असेल तर लाइफ जॅकेट घालून, माणूस पाण्यात सोबत असताना. पाय थरथरले, नखातून रक्त आलं किंवा दुसऱ्या दिवशी चाल जास्त बिघडली तर व्यायाम जास्त झाला असं समजायचं.

घरातली गुळगुळीत लादी अशा कुत्र्याची वैरीण असते. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणाऱ्या रबरी मॅट टाका. पंजांमधले केस कापा. बाहेर जाताना मोजा-बूट घाला, घरी आल्यावर काढा, नाहीतर आत ओल धरते. वजन वाढू देऊ नका, कारण तो भार पुढच्या पायांवर येतो आणि उचलणाऱ्या माणसाच्या पाठीवरही. पोटाखालून आधार द्यायला कमरेचा पट्टा घ्या, तो मिळेपर्यंत जुना टॉवेल चालेल. चाकाची गाडी आणायची असेल तर कुत्रा चालतोय तोवरच आणा. पूर्ण बसल्यावर आणली तर सवय लागणं फार जड जातं.

मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय साधारण सहा महिने ते वर्षभरात पूर्ण जातात. मग लघवी-शीवरचा ताबा सुटू लागतो. ओल्या अंथरुणावर पडून राहिल्याने कमरेच्या हाडांवर जखमा होतात, आणि आपल्या पावसाळ्यात त्या जखमांत अळ्या पडायला एक दिवसही पुरतो. दर तीन-चार तासांनी कूस बदला, अंथरूण जाड आणि कोरडं ठेवा, लघवीला घाण वास आला तर तपासून घ्या. मूत्राशय हाताने कसं रिकामं करायचं ते डॉक्टरांकडून समोर बसून शिका. उन्हाळ्यात त्याला उन्हातून सरकता येत नाही, तेव्हा सावली आपणच बघायची. पुढचे पाय लटपटू लागले, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला की दयामरणाबद्दल डॉक्टरांशी बोला. हे बोलणं वेळेत झालेलं बरं, मध्यरात्री धाप लागल्यावर नको. राजाच्या घरच्यांनी पुढचे पाय लटपटायला लागताच ते बोलणं केलं.

आणि जे पिल्लू घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी विकणाऱ्याकडे आई आणि वडील दोघांच्याही एसओडी-१ चाचणीचा अहवाल मागावा. दोघांपैकी एकाच्या दोन्ही प्रती निर्दोष असतील, तर त्या वेतातल्या कुठल्याच पिल्लाला दोन सदोष प्रती येऊ शकत नाहीत. नमस्कार.