गर्दीचा एक जुना फोटो

हा फोटो नीट बघा. इचलकरंजीच्या एका मावशींनी आमच्या ग्रुपवर टाकलाय आणि खाली लिहिलंय, "वडिलांच्या खांद्यावर मी, जत्रेत, कुठली ते आठवत नाही, कुणी सांगाल का?" माणसंच माणसं, पांढऱ्या टोप्या, मधनं वर गेलेल्या उंच काठ्या, सगळं गुलाबी. पाच मिनिटांत दहा जणांनी लिहिलं की हा ज्योतिबाचा डोंगर, चैत्र यात्रा, विषय संपला. कोल्हापूरच्या माणसाला हे सुचणारच, पण मावशींच्या घरात आता वडील नाहीत, आणि आपण जे ठोकून सांगू तेच त्या नातवंडांना सांगणार, म्हणून जरा थांबूया.

आधी तो गुलाबी रंग. सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट अल्बममधे अंधारात ठेवले तरी विटतात, त्यातला निळसर रंग सगळ्यात आधी जातो आणि लाल-पिवळं मागं राहतं, मग कुठलीही जत्रा गुलाल खेळल्यासारखी दिसते. हे ओळखायचं कसं, तर झाडाची पानं बघायची आणि गडद सावल्या बघायच्या. इथं पानं तपकिरी झालीत, सावल्या लालसर झाल्यात, म्हणजे प्रिंट विटलाय हे नक्की. पण आता त्या पुढच्या माणसाचा सदरा बघा. खांद्यावर, टोपीवर गुलाबी डाग, तेही ठिपक्या-ठिपक्यांचे, कुठं दाट कुठं विरळ, आणि खाली धोतर मात्र पांढरं. रंग वरनं पडलाय, म्हणजे गुलालही आहे आणि प्रिंटही विटलाय, दोन्ही खरं. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतात, तिथं हे डाग पिवळे दिसले असते.

मग काठ्या. ह्या सासनकाठ्या, 30-40 फुटांच्या, वरनं दोर सोडलेले आणि ते धरून चारी बाजूंनी माणसं तोल सांभाळतायत, कारण नुसत्या एकट्यानं ती काठी गर्दीत उभी राहत नाही. काठी आणि गुलाल एकत्र, म्हणजे ज्योतिबाचा मान, इथपर्यंत मी ठाम बोलेन.

आणि महिना? तो सावलीवरनं काढता येतो. माणसांच्या सावल्या पायाखालीच अडकल्यात, वीतभरही बाहेर नाहीत. कोल्हापुरात एप्रिलमधे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ऑक्टोबरात तो दक्षिणेला सरकतो आणि बारा-साडेबारालाही सावली उंचीच्या निम्म्याच्या आसपास पडते. म्हणजे हा फोटो दसऱ्याच्या दिवसांतला नाही, आणि चैत्र पौर्णिमेशी जुळतो. उलटं मात्र चालत नाही हं, लांब सावली दिसली तर ती सकाळची असू शकते, त्यावरनं महिना सांगायचा नाही.

आता ठिकाण, आणि इथं मी थांबतो. सासनकाठी डोंगरावरच उभी होते असं थोडंच आहे? ती आधी गावात सजते, पूजा होते, गावातनं मिरवते, वाटेत मुक्काम करते, मग वाडी रत्नागिरीला, म्हणजे ज्योतिबाच्या डोंगरावर पोचते, आणि प्रत्येक ठिकाणी गुलाल असतो, गर्दी असते, लेकरू बापाच्या खांद्यावर असतं. एखाद्या काठीवर गावाचं नाव असतं, पण ते काठीचं गाव, फोटोचं नाही. साताऱ्याकडच्या पाडळीची मानाची काठी डोंगरावर असते म्हणून डोंगर काय पाडळी होत नाही. मागं स्टुडिओचा शिक्का असेल तर प्रिंट कुठं काढला ते कळतं, बस. काळ्या दगडाचं शिखर, दीपमाळ, पायऱ्या, असं काही दिसलं असतं तर पुढं बोललो असतो, ह्या फोटोत वर नुसतं आभाळ आहे.

म्हणून मावशींना असं लिहिलं: "मावशी, तुम्ही ज्योतिबाच्या सासनकाठ्यांच्या गर्दीत आहात, उन्हाळ्याचे दिवस, भर दुपार, बहुतेक चैत्र. ठिकाण फोटोवरनं सांगता येत नाही, उगीच सांगत नाही." आणि विचारलं, पण "डोंगरावरच ना?" असं नाही, कारण तसं विचारलं की माणूस हो म्हणतो आणि मग तीच आठवण होऊन बसते. विचारलं की घरनं निघाला ते कशातनं, चप्पल काढली होती का, परतताना रात्र झाली होती का, पाणी कुठं प्यालात.

संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. चढ आठवत नव्हता, पायऱ्या आठवत नव्हत्या. आठवत होतं ते आजोळच्या वाड्यातलं पाणी, तांब्याच्या घागरीतलं, आणि मामा काठीचा दोर धरून ओरडत होता ते. आता मोठ्या मामींना फोटो दाखवायचाय, त्यांना कदाचित गाव ओळखता येईल, तोपर्यंत फोटोच्या मागं पेन्सिलीनं एवढंच लिहा म्हटलं: ज्योतिबाची सासनकाठी, बहुतेक चैत्र, गाव विचारायचं आहे.