माज दिसला कधी आणि सुरू झाला कधी?

(दूध उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भरवलेली गाय गाभण न राहता पुन्हा माजावर आली, म्हणजे उलटली, की पहिला दोष वीर्याच्या कांडीला जातो, दुसरा भरवायला आलेल्या माणसाला आणि तिसरा गाईला. गोठ्यातल्या घड्याळाकडे कुणी बघत नाही. आज मी त्या घड्याळाबद्दलच बोलणार आहे. खुराक, खनिज मिश्रण, जंतनाशक हे सगळं तुम्ही बऱ्याचदा ऐकलेलं आहे. ते लागतंच, त्यात वाद नाही. पण चांगल्या पोसलेल्या, निरोगी गाई मी केवळ वेळ चुकल्यामुळे तीन-तीनदा उलटताना पाहिल्या आहेत.

गाईच्या पोटात काय चालतं ते आधी समजून घेऊ. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, कुणी १८ व्या दिवशी, कुणी २४ व्या. माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांनी स्त्रीबीज सुटतं. हिशोबाला आपण २८ तास धरू. म्हणजे बीज सुटतं तेव्हा माज संपून गेलेला असतो, गाय शांत होऊन रवंथ करत असते. सुटलेलं बीज चांगल्या अवस्थेत राहतं ते फार तर सहा ते बारा तास. दुसऱ्या बाजूला, गोठवलेल्या कांडीतले शुक्राणू गर्भाशयात सोडल्याबरोबर कामाला लागत नाहीत. फलन करण्याची ताकद यायला त्यांना सहा-आठ तास तिथे मुरावं लागतं. आणि त्यांचं आयुष्य अठरा ते चोवीस तासांचं. म्हणून बीज सुटायच्या सहा ते बारा तास आधी शुक्राणू आत पोहोचलेले असले की जमलं.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम तुम्हाला तोंडपाठ आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९४० च्या दशकात ट्रिम्बर्गर नावाच्या शास्त्रज्ञाने केलेल्या कामातून तो आला आणि आजही टिकून आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की गाईवर सकाळ-संध्याकाळ नीट नजर ठेवली जाते. आपण मात्र दिसला म्हणजे सुरू झाला असं धरून चालतो.

एक उदाहरण वेळेसकट मांडतो. सोमवारी पहाटे सहाला धार काढताना गाय हंबरतेय, पान्हा नीट सोडत नाही, शेपटीला सोट आहे. आता तुम्ही स्वतःला विचारायचं: ही गाय माजावर नव्हती हे मी शेवटचं कधी पाहिलं? समजा रविवारी रात्री नऊला वैरण टाकताना ती शांत होती. म्हणजे माज रात्री नऊ ते पहाटे सहा यांच्यामध्ये कधीतरी सुरू झाला. मधली वेळ धरा, दीड-दोन. दोनपासून २८ तास मोजले की मंगळवारचे पहाटेचे सहा येतात. त्याच्या आधीचे सहा ते बारा तास म्हणजे सोमवारी संध्याकाळी सहा ते मध्यरात्र. सोमवारी संध्याकाळी भरवली तर बरोबर बसतं.

आता हीच गाय सोमवारी सकाळी आठला भरवली, कारण डॉक्टर शेजारी आलेच होते, तर बीज सुटायला अजून बावीस तास आहेत. तोवर बरेचसे शुक्राणू संपलेले असतात. आणि फोन उशिरा केला, मंगळवारी दहाला कांडी भरली, तर बीज सुटून चार तास झालेले, वर शुक्राणूंना मुरायला आणखी सहा तास. ते तयार होईपर्यंत बीज शिळं होतं. शिळ्या बीजाचं फलन कधी कधी होतं, पण तो गर्भ बहुधा टिकत नाही.

दुसरा प्रसंग बघा. सकाळी धार काढून तुम्ही रानात गेलात, संध्याकाळी सहाला आलात तर गाय माजावर. शेवटचं शांत पाहिलं ते सकाळी सहाला. हा माज सकाळी सातला सुरू झालेला असू शकतो आणि दुपारी चारलाही. सातचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला २६ तास झाले, उशीर झाला. म्हणून मधे बारा तासांचं अंतर पडलं असेल तर मी म्हणेन, रात्री नऊ-दहाला किंवा फार तर पहाटे भरवून घ्या. आणि गाय माज संपवून शांत झाल्यावर तुमच्या लक्षात आलं, तर नियम बाजूला ठेवून ताबडतोब फोन करा.

यावर उपाय म्हणजे नजरेची वेळ वाढवणं. पहाटे, दुपारी एकदा आणि रात्री नऊ-दहाला, प्रत्येक वेळी वीस मिनिटं. धार काढताना किंवा शेण उचलताना टाकलेली नजर यात धरायची नाही. आपल्याकडे गाई दावणीला बांधलेल्या असतात, तिथे माजाची सगळ्यात खात्रीची खूण दिसूच शकत नाही. ती खूण म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली तरी ही जागची हलत नाही. जी चढते तिच्यावर नाही, जी उभी राहते तिच्यावर लक्ष ठेवायचं. मुक्त संचार गोठा असलेल्यांना हे आयतं मिळतं. बाकीच्यांनी सकाळ-संध्याकाळ चार गाई एकत्र मोकळ्या सोडाव्यात. जास्त दुधाच्या संकरित गाईत हा उभा माज आठ-दहा तासांतच आटोपतो, उन्हाळ्यात तर तो रात्रीच येऊन जातो. तुम्ही ज्याला मुका माज म्हणता, त्यातले बरेच माज मुके नसतात. त्या वेळी आपण झोपलेलो असतो.

सोटाकडेही नीट बघायला शिका. माजाच्या भरात तो काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा असतो आणि निरण सुजलेली, आतून लालसर असते. सोट घट्ट, धुरकट व्हायला लागला की माज उतरणीला लागला. त्यात पांढरे-पिवळे कण किंवा पुवाचे धागे दिसले तर त्या माजाला भरवूच नका. आधी गर्भाशयाचा उपचार, मग पुढचा माज. माझ्या मते कांड्या वाया जाण्याचं हे एक मोठं कारण आहे, कारण माज सोडायला कुणाचा जीव धजत नाही. व्यायल्यानंतरही साठ दिवस गर्भाशयाला द्यायला हवेत, आणि वार अडकली असेल तर तपासून घेतल्याशिवाय घाई करू नये.

माजानंतर एक-दोन दिवसांनी शेपटीला थोडं रक्त दिसतं. काही जण म्हणतात गाय राहिली नाही, काही म्हणतात राहिली. दोन्ही खरं नाही. माज होऊन गेल्याची ती खूण असते आणि न भरवलेल्या गाईलाही ती दिसते. रक्त दिसलं आणि माज पाहिलेलाच नाही, तर तो हुकला. भरवायला जाऊ नका, तारीख लिहा आणि तिथून सतराव्या दिवसापासून गाईवर पाळत ठेवा.

कांडीबद्दल थोडंच सांगतो, कारण ते काम तुमच्याकडे येणाऱ्याचं आहे. तुम्ही फक्त उभे राहून बघा. कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. ती कंटेनरच्या तोंडापर्यंत वर काढून नाव वाचत बसलं की तेवढ्यातच नुकसान सुरू होतं. काढल्याबरोबर ३७ अंशांच्या पाण्यात किमान तीस सेकंद ठेवायची. थर्मामीटर असलेला थर्मास हवा. नळाचं पाणी, खिसा, तळहातावर चोळणं, हे काही चालत नाही. मग ती पुसून कोरडी करायची, कारण पाण्याचा थेंब शुक्राणूंना मारतो. थंडीच्या सकाळी गनही हाताने चोळून कोमट करायची. पातळ केलेली कांडी दहा-पंधरा मिनिटांत भरून व्हायला हवी, म्हणजे एकदम चार कांड्या पातळ करून चार गोठे करणं चालत नाही. वीर्य सोडायची जागा गर्भाशयमुखातून नुकतंच आत गेल्यावर, गर्भाशयाच्या सुरुवातीला, आणि सोडायचं हळूहळू. गन आणखी पुढे ढकलली तर गर्भाशयाला इजा होते. तोवर तुम्ही गाईला सावलीत शांत बांधा. उन्हात ओढत चौकात नेऊ नका. भरवल्यानंतरचे पहिले काही दिवस गर्भाला उष्णता सोसत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या आठवड्यात पाणी, पंखा, सावली यात कसूर नको.

एवढं करूनही दहापैकी चार-पाच गाई एका कांडीत राहिल्या तर चांगलं म्हणायचं. फलन बहुतेक गाईंत होतं, पण बरेच गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. त्यामुळे गाय एकदा उलटली म्हणून घाबरू नका, ती कितव्या दिवशी उलटली ते बघा. १८ ते २४ दिवसांनी उलटली तर फलन झालं नाही किंवा गर्भ लगेच गेला. वेळ, कांडी आणि गर्भाशय तपासा. २५ ते ३५ दिवसांनी उलटली तर गर्भ राहून नंतर गेला असण्याची शक्यता जास्त. ४२ च्या आसपास असेल तर मधला एक माज तुमच्या नजरेतून निसटला. आणि दहा-बारा दिवसांतच पुन्हा माजावर दिसली, तर दोनपैकी एक माज खरा नव्हता, कदाचित तीच कांडी वाया गेली. हे कळायला एक वही पुरते: माज दिसल्याची वेळ, त्याआधी शांत पाहिल्याची वेळ, भरवल्याची वेळ, वळूचा क्रमांक. तीनदा नियमित उलटणारी गाय डॉक्टरांना दाखवताना ही वही सोबत ठेवा. माज चोवीस तासांच्या पुढे लांबत असेल तर तेही सांगा. तिथे बीज उशिरा सुटतं आणि दुसरी कांडी किंवा इंजेक्शन ठरवायला डॉक्टरांना आधार मिळतो.

आणि गाय उलटली नाही म्हणजे गाभण, असंही समजू नका. दोन-तीन महिन्यांत हात घालून तपासणी करून घ्या. काही गाभण गाईही माज दाखवतात. अशा गाईला पुन्हा भरवलं तर गर्भ जाऊ शकतो, म्हणून भरवल्याची नोंद असलेली गाय आधी तपासा.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, कालवडीसाठी म्हणून जी लिंगनिर्धारित कांडी मिळते, तिलाही हीच वेळ का? चांगला प्रश्न. साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, या कांडीत वीस लाखांच्या आसपास, आणि वेगळे करताना ते थकलेले असतात. त्यांचं आयुष्यही कमी. म्हणून ती बीज सुटण्याच्या आणखी जवळ भरायची, माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांनी. मघाशी सोमवारच्या गाईचा हिशोब केला, तिला ही कांडी संध्याकाळी सहाऐवजी रात्री आठ-दहाच्या सुमारास भरायला हवी. आणि माज कधी सुरू झाला याचा अंदाजच नसेल तर ती महागडी कांडी त्या दिवशी वापरू नका. साधी भरा, किंवा पुढचा माज नीट पकडा. शक्यतो ती कालवडींना आणि पहिल्या वेताच्या, पिशवी स्वच्छ असलेल्या गाईंना वापरा. दोनदा उलटलेल्या गाईवर ती खर्च करू नका.