खोक्यातला रस आणि बाळाचे जुलाब
(पालक आणि अंगणवाडी सेविकांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक फळांच्या रसाचं दोनशे मिलीचं खोकं, स्ट्रॉ लावलेलं. दुसरी ओआरएसची पुडी, आरोग्य केंद्रात फुकट मिळते ती. मुलाला जुलाब लागले की आपल्याकडे बहुतेक घरांत आधी खोकं फुटतं, कारण मूल ते हसत पितं. आज मला एवढंच सांगायचं आहे की ते प्यायल्यावर आत काय होतं.

खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. शंभर मिलीमागे साधारण बारा ग्रॅम साखर. म्हणजे अख्ख्या खोक्यात २४ ग्रॅम. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात घालतात आणि त्या लिटरभर पाण्यात ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच दोनशे मिलीत २.७ ग्रॅम. खोक्यात जवळजवळ नऊपट साखर. मिठाचं उलट. पुडीत २.६ ग्रॅम साधं मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेटचे क्षार. खोक्यात मीठ नावालाही नाही, आणि जुलाबातून मुलाच्या अंगातून जे जातं ते पाणी आणि मीठच.

आता आतड्यात जाऊ. कैरीच्या फोडींवर साखर घालून ठेवली की तासाभरात पाणी सुटतं, हे तुम्ही साखरांबा करताना पाहिलं आहे. दाट साखर जिथे असेल तिकडे पाणी ओढलं जातं. आपल्या रक्ताची दाटी साधारण २९० धरा. एकक लक्षात ठेवायची गरज नाही, नुसती तुलना करा. ओआरएसची दाटी २४५, म्हणजे रक्तापेक्षा थोडी पातळ. त्यामुळे पाणी आतड्यातून रक्तात जायला अडचण नाही. कोल्ड्रिंक किंवा गोड रसाची दाटी पाचशे, सहाशे, काही वेळा सातशेपर्यंत जाते. साधी साखर आतड्यात फुटून तिचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, त्यामुळे दाटी आणखी वाढते. असं पेय आतड्यात उतरलं की रक्तातलं पाणी तिकडे ओढलं जातं. सातशे दाटीचं दोनशे मिली पेय, आणि त्यातलं काहीच शोषलं गेलं नाही असं घटकाभर धरलं, तर ते २९० पर्यंत पातळ व्हायला आणखी साधारण २८० मिली पाणी लागतं. प्रत्यक्षात थोडी साखर शोषली जाते, म्हणून ओढ एवढी मोठी नसते. पण दिशा तीच. मुलाला पाणी मिळावं म्हणून दिलेलं पेय त्याच्याच अंगातलं पाणी बाहेर नेतं.

निरोगी मुलाला हा रस एरवी पचतो, मग जुलाबातच काय बिघडतं? विषाणूने आतड्याच्या आतल्या अस्तराचा वरचा पेशींचा थर खरवडलेला असतो. साखर फोडणारी विकरं तिथेच असतात, ती कमी पडतात. फ्रुक्टोज तर तसंही हळूच शोषलं जातं. सफरचंद आणि पेर यांच्या रसात सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा आणखी एक पदार्थ असतो, तो फारसा शोषलाच जात नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू तिच्यापासून आम्ल आणि वायू करतात. म्हणून अशा वेळची शी ओळखता येते. फेसाळ असते, आंबूस वास येतो, वायूसकट जोरात बाहेर पडते आणि बाळाचा शीचा भाग लालभडक होतो. ही खूण दिसली तर औषध बदलण्याआधी मूल काय पितंय ते पाहा.

ओआरएसमध्येही साखर आहेच, असं कुणी विचारेल. आहे, आणि मुद्दाम आहे. लहान आतड्याच्या पेशीत एक वाहक असतो, तो ग्लुकोजचा एक कण आणि सोडियमचे दोन कण एकत्र आत घेतो आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबातही तो काम करत राहतो, हेच ओआरएसचं सगळं मर्म. दोन्ही सोबत आणि बेताच्या प्रमाणात हवेत. ग्लुकोजची नुसती पावडर पाण्यात घालून दिली तर सोडियम नाही. नुसतं मीठ दिलं तर ग्लुकोज नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन पुरत नव्हतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून ते पाजवलं. छावणीतल्या रुग्णांचा मृत्युदर चार टक्क्यांखाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये मीठ आणि ग्लुकोज दोन्ही थोडे कमी करून हे २४५ चं सूत्र ठरवलं, जुनं ३११ चं होतं.

स्पोर्ट्स ड्रिंकबद्दल मला वारंवार विचारतात, कारण त्याच्यावर ‘इलेक्ट्रोलाइट’ लिहिलेलं असतं. ते घामासाठी बनवलं आहे. त्यात सोडियम ओआरएसच्या पाव ते एक तृतीयांश असतं, आणि साखर शंभर मिलीमागे सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चारपटीहून जास्त. तासभर पळणाऱ्या मोठ्या माणसाला ते चालेल. जुलाब लागलेल्या तान्ह्याच्या गरजा वेगळ्या आहेत.

आणि खोक्यावर ‘ओआरएस’ छापलेली गोड पेयं? ती कित्येक वर्षं औषधाच्या दुकानात पुडीच्या शेजारीच मिळत होती. सूचना बारीक अक्षरात असायची, की हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं ओआरएस नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध नेटाने आवाज उठवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा पाहणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेने खाद्यपेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही नावावर जाऊ नका. खऱ्या पुडीवर घटकांची यादी असते. सोडियम क्लोराईड २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एका लिटरसाठी. हे आकडे दिसले नाहीत तर ती वस्तू जुलाबासाठी नाही.

एका मुलाचं सांगते. दीड वर्षाचा, वजन दहा किलो. पहिल्या दिवशी तीन पातळ शी आणि दोन उलट्या. घरच्यांनी काळजीपोटीच रसाची दोन खोकी दिली, रात्री गॅस काढून कोल्ड्रिंक. सकाळपर्यंत दहा-बारा वेळा शी झाली होती, ती फेसाळ. डोळे खोल गेलेले, मूल चिडचिडं, पाणी दिसलं की झडप घालत होतं. पोटाच्या कातडीला चिमटा घेतला तर घडी हळू उलगडत होती. अशा मुलाला सलाइन लागेलच असं नाही. आम्ही रस बंद केला आणि ओआरएस सुरू केलं. हिशोब असा, की किलोमागे ७५ मिली, म्हणजे ७५० मिली चार तासांत. तासाला पावणेदोनशे-दोनशे मिली झाले. आई दर एक-दीड मिनिटाने एक चहाचा चमचा देत बसली. मधे उलटी झाली, तेव्हा दहा मिनिटं थांबून पुन्हा दिलं, फक्त आणखी सावकाश. मधूनमधून अंगावरचं दूधही दिलं. चार तासांनी डोळे भरले होते आणि लघवी झाली होती. जुलाब लगेच थांबले नाहीत, ओआरएस ते थांबवत नाही. ते गेलेलं पाणी भरून काढतं. मग घरी काय द्यायचं ते सांगून सोडलं.

घरी द्यायचं ते असं. पुडी मोठी असेल तर पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटी असेल तर पुडीवर लिहिलेल्या २०० मिलीतच. इथे सगळ्यात जास्त चूक होते. एका पेल्यात मोठी पुडी ओतली की ते ओआरएस राहत नाही, रक्तातलं मीठ घातक पातळीला जाऊ शकतं. वरून साखर, लिंबू सरबत, रस काहीही घालू नका. तयार पाणी झाकून ठेवा आणि चोवीस तासांनी टाकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा उंचवटा न ठेवता पुसून घेतलेला. पुडी मिळाली की तिकडे वळा.

सोबत मिठाची भाताची पेज, मीठ घातलेलं पातळ ताक, मुगाच्या डाळीचं वरणाचं पाणी, साधं पाणी चालतं. शहाळ्याचं पाणी आवडत असेल तर थोडं द्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसच्या जागी नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला अंगावरचं दूध जास्त वेळा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस द्या. त्याला पेज किंवा ताक नको. जेवण बंद करायचं नाही. मऊ भात, खिचडी, केळं थोडं थोडं. आणि झिंक, सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१६ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात असं दिसलं की, पाणी फारसं कमी न झालेल्या, सौम्य जुलाबाच्या मुलांना निम्मं पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि मग आवडीचं पेय दिलं तर त्यांचं ओआरएस घेणाऱ्यांपेक्षा वाईट झालं नाही, उलट सलाइन कमी मुलांना लागलं. त्यावरून काही जण रस देऊ म्हणतात. पण तिथली मुलं सुपोषित होती, डॉक्टर जवळ होते, आणि रस निम्मा पातळ होता. आपल्याकडे जिथे मूल अशक्त आहे किंवा शी जास्त होत आहे तिथे मी हे सांगणार नाही. ओआरएस न घेणाऱ्या मोठ्या मुलाला चमच्याने आणि गार करून द्या, बहुतेक घेतात. तहान लागलेल्या मुलाला त्याची खारट चव फारशी खटकत नाही.

रात्री थांबायचं नाही, अशी लक्षणं: मूल सुस्त पडतं, उठवूनही नीट उठत नाही, काहीच पीत नाही, प्रत्येक घोट उलटून टाकतं, सहा तासांत लघवी नाही, शीत रक्त, डोळे खोल आणि कातडीची घडी उलगडत नाही. कधी रक्तातलं मीठ वाढल्यावर कातडीची घडी नीट उलगडते आणि तरी मूल खूप चिडकं आणि तहानलेलं असतं, म्हणून एकच खूण नको. यातलं एकही दिसलं तर रस्त्यात चमच्याने ओआरएस देत देत दवाखान्यात या. अर्धवट शुद्धीत असलेल्या मुलाच्या तोंडात मात्र काही घालू नका, थेट आणा.